आठव्या दिवशी ठरलेली जागा: शाळेत न छापलेला अभ्यासक्रम कसा शिकवला जातो

नमस्कार मंडळी. बालवाडीचा एक वर्ग आहे, शाळा सुरू होऊन आठ दिवस झालेत, आणि आठव्या दिवशी बाई मुलांना कायमच्या जागा ठरवून देतात. वर्गात तीन टेबलं. कोण एक नंबरला बसणार, कोण दोनला, कोण तीनला, सगळं बाई सांगतात. कुठलीही परीक्षा झालेली नाहीये, मुलांना अजून धड अक्षरंही शिकवलेली नाहीत. तरी त्यांच्या मते एक नंबरच्या टेबलावर पटकन शिकणारी मुलं आहेत आणि बाकीच्या दोन टेबलांवरच्या मुलांना वर्गात काय चाललंय याचा पत्ताच नाहीये.

हा वर्ग खरा आहे. अमेरिकेतल्या एका शहरी शाळेतला. रे रिस्ट नावाचा समाजशास्त्रज्ञ या मुलांचा वर्ग बालवाडीपासून दुसरीपर्यंत मागे बसून बघत होता, आणि त्याने जे पाहिलं ते १९७० साली प्रसिद्ध केलं. आज मी मुख्यतः याच वर्गाबद्दल बोलणारे, कारण छुपा अभ्यासक्रम म्हणजे नेमकं काय हे व्याख्येपेक्षा इथे जास्त नीट दिसतं.

व्याख्या पटकन सांगून टाकतो. फिलिप जॅक्सन नावाच्या अभ्यासकाने १९६८ मध्ये हा शब्द वापरला. तो प्राथमिक शाळेच्या वर्गांत बसायचा आणि बघायचा की पुस्तकातलं शिकवणं सोडून इथे अजून काय चाललंय. त्याला दिसलं की मूल शाळेत आधी शिकतं ते गर्दीत राहायला, म्हणजे आपला नंबर येईपर्यंत थांबायला, हात वर करून धरायला आणि विचारलं नाही तर गुपचूप खाली घ्यायला, गणित रंगात आलेलं असताना बेल वाजली की वही मिटायला. दुसरं, सतत कुणीतरी आपल्याला जोखतंय, तेही सगळ्यांसमोर, याची सवय. आणि तिसरं, आपण काय करायचं हे दुसरं कुणीतरी ठरवणार, हे मान्य करणं. यातलं काहीच वेळापत्रकात नसतं, पण रोज शिकवलं जातं, आणि ज्याला हे जमत नाही त्याला हुशार असूनही त्रास होतो.

यातलं सगळं वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही हां. तीस मुलं एका खोलीत असतील तर नंबर लावावाच लागतो. माझा मुद्दा वेगळा आहे. नंबर सगळ्यांसाठी सारखा लागतोय का, हा प्रश्न आहे. थांबायला सगळेच शिकतात, पण काही मुलं थांबतात आणि मग त्यांना मिळतं, आणि काही मुलं थांबतात आणि मिळतच नाही. पहिल्यांना समजतं की धीर धरला की फळ मिळतं, दुसऱ्यांना समजतं की आपण हात वर करण्यात अर्थ नाही. नियम एकच, भिंतीवरचा तक्ता एकच, आणि धडे दोन.

आता परत त्या तीन टेबलांकडे.

परीक्षा नव्हती, मग बाईंनी जागा कशावरून ठरवल्या? शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांच्या हातात काही कागद आणि माहिती होती. प्रवेशाचा फॉर्म, कुठल्या घराला सरकारी मदत मिळते त्याची यादी, आईशी झालेलं बोलणं, आणि मोठी भावंडं आधी त्याच शाळेत शिकली असतील तर ती कशी होती याबद्दल इतर शिक्षकांचं मत. आणि मग ते आठ दिवस. एक नंबरच्या टेबलावरची मुलं स्वच्छ, नीटनेटक्या कपड्यांतली होती, बाईंशी मोकळेपणाने बोलणारी, शाळेला चालते तशी प्रमाण इंग्रजी बोलणारी. तीन नंबरवर साध्या किंवा मळक्या कपड्यांतली, कमी बोलणारी, घरची गरिबी असलेली. एक गोष्ट लक्षात घ्या, वर्गातली सगळी मुलं कृष्णवर्णीय होती आणि बाईसुद्धा. म्हणजे बाहेरून आलेल्या कुणीतरी तुच्छतेने हे केलं इतकं ते सोपं नव्हतं. बाईंच्या डोळ्यासमोर यशस्वी माणूस कसा दिसतो, कसा बोलतो याचं एक चित्र होतं आणि जी मुलं त्या चित्राच्या जवळ जात होती ती टेबल एकवर गेली.

मग वर्षभर काय झालं ते बघा. एक नंबरचं टेबल बाईंच्या सगळ्यात जवळ. फळ्यावर लिहायचं ते त्या टेबलासमोर, त्यामुळे मागच्यांना बघायलाही अडचण. प्रतिज्ञा कोण म्हणवून घेणार, ऑफिसात निरोप कोण नेणार, वस्तू कोण वाटणार, या छोट्या मानाच्या कामांना हाक जायची ती टेबल एकला. प्रश्न त्यांना, कौतुक त्यांना, आणि तीन नंबरच्या टेबलाकडे बाई वळायच्या ते मुख्यतः गप्प बसवायला.

काही महिन्यांनी बाईंना काही करायचीही गरज राहिली नाही, कारण मुलांनीच ते उचललं. एक नंबरची मुलं बाकीच्यांना चिडवायला लागली, कमी लेखायला लागली, आणि मागच्या टेबलांवरची मुलं आपसातच एकमेकांना नावं ठेवायला लागली. कुणी त्यांना असं शिकवलं नव्हतं. कुणाचा मान ठेवायचा आणि कुणाला गृहीत धरायचं, हे ती रोज बघत होती.

आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते: रिस्ट या मुलांच्या घरीही गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मागच्या टेबलांवरची मुलंही वर्गातलं बरंच शिकली होती. त्यांना थेट कुणी शिकवत नव्हतं, पण पुढच्या टेबलाला शिकवलेलं लांबून ऐकून त्यांनी उचललेलं. घरी बोलून दाखवत होती, वर्गात गप्प. म्हणजे वर्गातल्या गप्प बसण्यावरून बाईंनी जो निष्कर्ष काढला होता तो चुकीचा होता, पण तो चुकीचा आहे हे कळायची संधीच वर्गात उरली नव्हती.

पहिलीत गेल्यावर नवीन बाईंनी पुन्हा टेबलं लावली, आणि बालवाडीच्या एक नंबरची मुलं पुन्हा पहिल्या टेबलावर. दोन आणि तीनमधलं एकही मूल तिथे पोचलं नाही. दुसरीत वाचनाचे गट झाले आणि त्यांना नावं दिली गेली, टायगर्स, कार्डिनल्स आणि क्लाउन्स, आणि वाघ कोण झाले ते सांगायला नको. पण खरी मेख नावात नव्हती. नियम असा होता की वाचनाचं पुस्तक संपवायचं ते अख्ख्या गटाने मिळून. त्यामुळे खालच्या गटातलं एखादं मूल कितीही छान वाचायला लागलं तरी एकट्याने पुढच्या पुस्तकाला जाऊ शकत नव्हतं. बालवाडीत जे बाईंचं मत होतं त्याच्या बाजूने आता वाचलेल्या पुस्तकांची नोंद उभी होती. तिसऱ्या वर्षी कुणी विचारलं असतं की हे मूल मागे का, तर बाईंनी रेकॉर्ड दाखवलं असतं आणि ते खरंही असतं.

आता मर्यादाही सांगायला हवी. हा एका वर्गाचा अभ्यास आहे, मागे बसून केलेलं निरीक्षण. मुलांना वेगळ्या टेबलांवर बसवलं असतं तर नेमकं किती फरक पडला असता हे यातून सिद्ध होत नाही. पण हे सगळं कसं घडतं, एकेक पायरी, ती इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे अशी टेबलं नाहीत, सगळे रांगेत बसतात. बरं. मग जागा बाजूला ठेवू आणि वेळ बघू. मेरी बड रो या संशोधिकेने प्राथमिक वर्गांतल्या विज्ञानाच्या तासांचं रेकॉर्डिंग करून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतात. सरासरी साधारण १ सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न दुसऱ्याकडे. त्यातही ज्यांना शिक्षक हुशार समजत होते त्यांच्यासाठी ते जास्त थांबायचे आणि ज्यांना कच्चं समजत होते त्यांच्यासाठी कमी, म्हणजे ज्याला विचार करायला जास्त वेळ हवा त्यालाच कमी वेळ. शिक्षकांनी ठरवून ३ सेकंद किंवा जास्त थांबायला सुरुवात केली तेव्हा उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती ती मुलं बोलायला लागली.

याच कामात कौतुकाबद्दलही एक गोष्ट दिसली होती. कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांना ‘छान’, ‘व्हेरी गुड’ कमी मिळत नव्हतं, पण ते नेमकं कशासाठी मिळतंय हे कळत नव्हतं. बरोबर उत्तराला छान, चुकीच्याला पण छान. आपल्याला वाटतं आपण प्रोत्साहन देतोय, पण मूल ऐकतं की माझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे.

आणि हुशार मुलांचं कौतुक? १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. सोडवल्यावर काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळ्यांचीच फजिती झाली, आणि शेवटी पुन्हा सोपी. ज्यांना हुशार म्हटलेलं त्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, मेहनतवाल्यांची सुधारली. आपले मार्क दुसऱ्या मुलांना लिहून कळवायचे होते तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. एका वाक्याने त्यांना शिकवलं की चूक ही लपवायची गोष्ट आहे.

मग शिक्षकांना हे दिसत का नाही? जॅक्सननेच लिहिलंय की प्राथमिकच्या शिक्षकाचा दिवसभरात मुलांशी हजारापर्यंत वेळा संवाद होतो. त्यात कोणाला किती वेळा हाक मारली हे कुणाला आठवणार. म्हणून ‘मी भेदभाव करत नाही’ हे शिक्षक मनापासून म्हणतात आणि तरी वही वेगळं सांगू शकते.

वही कुठली, तर ही. वर्गाचा आसननकाशा एका कागदावर काढा, प्रत्येक जागेचा चौकोन. एका सहकाऱ्याला मागे बसवा, वीस मिनिटं. शिक्षक एखाद्या मुलाला प्रश्न विचारतील तेव्हा त्या चौकोनात प्र, कौतुक केलं तर कौ, गप्प बस किंवा नीट बस म्हटलं तर शि, मानाचं काम दिलं तर का. बाकी काही लिहायचं नाही, मतं तर अजिबात नाहीत. तीन-चार वेगवेगळ्या तासांना हे करा, कारण एका तासावरून काहीच ठरत नाही, धडा कुठला होता त्यावरही असतं.

मग आधी रिकामे चौकोन बघा. त्यानंतर असे चौकोन बघा जिथे फक्त शि आहे. बहुतेकदा प्र पुढच्या ओळींत आणि मधल्या पट्ट्यात गोळा झालेले दिसतील, हे अनेक वर्गांत आढळलंय. मात्र त्यातली काही मुलं बोलकी असतात म्हणूनच पुढे बसलेली असतात, त्यामुळे पुढची पायरी टाळू नका: जागा बदला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. प्र जागेवरच राहिले, म्हणजे आता पुढे बसलेल्या नवीन मुलांना प्रश्न यायला लागले, तर भानगड खोलीच्या मांडणीत आहे आणि जागा फिरवत राहिल्याने बरंच सुटेल. पण प्र मुलांबरोबर उठून मागच्या बाकापर्यंत गेले, तर जागा कितीही फिरवल्या तरी उपयोग नाही, कारण ती टेबलं शिक्षकाच्या मनात लागलेली आहेत, आणि तिथे नावांच्या चिठ्ठ्या काढून प्रश्न विचारणं, प्रत्येकासाठी मनात तीनपर्यंत मोजणं असं काहीतरी यांत्रिकच करावं लागतं, निदान सवय लागेपर्यंत.