होडी कितीही पळो, पाचर तेवढीच

मंडळी, सुरुवात माझ्या एका फसलेल्या मोजणीने करतो. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरताना एका वळणावर कोयनेचा शिवसागर जलाशय खाली पसरलेला दिसतो. तिथे गाडी थांबवून मी होड्यांचे फोटो काढले. प्रत्येक होडीच्या मागे पाण्यावर व्ही अक्षरासारखी पाचर उमटलेली होती. माझं वाचन असं की खोल पाण्यात या पाचरीचा कोन ठरलेला असतो, मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला साडेएकोणीस अंश. घरी येऊन फोटोंचे प्रिंट काढले, नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला आणि मोजू लागलो. एका होडीचा कोन मिळाला तेरा अंश, दुसरीचा सव्वीस!

पाण्याची चूक नव्हती, माझीच होती. मी तिरकस उंचीवरून बघत होतो. तसं बघताना आपल्यापासून दूर जाणारी लांबी आखडून दिसते, आडवी लांबी मात्र तशीच राहते. एक होडी माझ्या डोळ्यांसमोरून आडवी चालली होती, म्हणून तिच्या पाचरीची रुंदी चेपली गेली आणि कोन बारीक दिसला. दुसरी माझ्यापासून दूर निघाली होती. तिची लांबी चेपली गेली आणि कोन फुगला. तेव्हा कोणाला मोजायचंच असेल तर बरोबर डोक्यावरून घेतलेलं चित्र हवं. उपग्रहाच्या नकाशावर चालती जहाजं सापडतात, ती उत्तम. आणि कोनमापकाचीही गरज नाही. जहाजाच्या मागे 100 मीटर जा आणि तिथे दोन्ही कडांमधलं अंतर मोजा. ते 71 मीटरच्या आसपास भरलं पाहिजे.

आता यात चमत्कारिक काय आहे, ते आधी सांगतो. आवाजापेक्षा वेगाने उडणारं विमान मागे असाच एक शंकू सोडतं. पण विमानाचा वेग वाढला की तो शंकू निमुळता होतो. साधं कारण आहे. आवाज पसरण्याचा वेग ठरलेला, विमान मात्र आणखी पुढे पळालेलं. होडीलाही हाच न्याय लावला तर वेगवान होडीची पाचर अरुंद आणि संथ होडीची पसरट हवी. पण खोल पाण्यात बदक चालो की मालवाहू जहाज, कड तिथेच.

फरक कुठे पडतो? आवाजाचे सगळे सूर हवेत एकाच वेगाने जातात. पाण्यावरच्या लाटा तशा नाहीत. खोल पाण्यात लांब लाट जोरात पळते, आखूड लाट रेंगाळते. तरंगलांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, चौपट झाली की वेग दुप्पट होतो. म्हणजे पाण्याकडे सगळ्या वेगांच्या लाटांचा साठाच आहे. होडी कोणत्याही वेगाने जाऊ दे, तिच्या बरोबरीने चालणारी लाट तिला मिळतेच. सेकंदाला अर्धा मीटर पोहणाऱ्या बदकामागे ज्या आडव्या लाटा असतात, त्यांची तरंगलांबी सुमारे 16 सेंटिमीटर. सेकंदाला 10 मीटर जाणाऱ्या जहाजामागे तीच 64 मीटर होते. वेग वीसपट, तर लाट चारशेपट. बदकाच्या मागचं चित्र चारशेपट मोठं करा, जहाजाच्या मागचं चित्र तयार. आणि चित्र मोठं केल्याने कोन बदलत नाही.

हेच जरा काटेकोर सांगतो, कारण पुढे उपयोगी पडेल. खोल पाण्यात या खेळात दोनच गोष्टी भाग घेतात, होडीचा वेग आणि गुरुत्वाकर्षण. या दोहोंतून लांबी एकच बनवता येते, वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण. ती सगळ्या नक्षीची मोजपट्टी. पण दोहोंतून नुसता आकडा, ज्याला काही एकक नाही असा, बनतच नाही. कोन हा तसा नुसता आकडा आहे. मग तो वेगावर अवलंबून राहणार तरी कसा?

पण यातून कोन ठरलेला आहे एवढंच कळलं. साडेएकोणीसच का, हे नाही कळलं. त्यासाठी एक विचित्र गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती तुम्ही तळ्याकाठी स्वतः बघू शकता. शांत पाण्यात धोंडा टाका आणि बाहेर पसरणाऱ्या कड्याकडे नाही, तर त्यातल्या एका माथ्याकडे टक लावून बघा. तो माथा कड्याच्या मागच्या बाजूला जन्मतो, कडं ओलांडत पुढे सरकतो आणि पुढच्या काठाशी विरून जातो. म्हणजे माथे पळतात एका वेगाने आणि लाटांचा जथा, ज्याच्यात खरी ऊर्जा असते, तो पळतो त्याच्या निम्म्या वेगाने. खोल पाण्यात बरोबर निम्म्या. माथा म्हणजे मिरवणुकीतला उत्साही पोरगा, सारखा पुढे पळणारा. मिरवणूक मात्र तिच्या चालीने येते.

आता फळ्याकडे बघा. ही होडी आत्ता इथे, ब बिंदूवर. थोड्या वेळापूर्वी ती अ बिंदूवर होती, 100 मीटर मागे. अ वर असताना तिने पाणी ढवळलं, सगळ्या दिशांना सगळ्या लांबीच्या लाटा सोडल्या. त्यातल्या बहुतेक एकमेकींना खोडून टाकतात. टिकतात त्या, ज्यांचे माथे होडीबरोबर चालतात, म्हणजे होडीत बसलेल्याला जागच्या जागी स्थिर दिसतात. नेमक्या समोर जाणारी लाट होडीच्याच वेगाने जायला हवी. तिरकी जाणारी त्याहून हळू चालली तरी पुरतं. जितकी तिरकी, तितकी हळू, म्हणून तितकी आखूड.

अ पासून एखाद्या तिरक्या दिशेने रेघ काढा आणि ब वरून त्या रेघेवर लंब टाका. लंब जिथे पडला तिथे त्या दिशेचा माथा आता पोचलेला असता. तिथे काटकोन आहे. दिशा बदलत गेलात तर काटकोनाचे हे सगळे बिंदू कुठे पडतील? अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे आपण शाळेत घोकलं आहे. म्हणजे ते सगळे बिंदू अ ब व्यास असलेल्या वर्तुळावर.

पण ऊर्जा तिथे पोचलेलीच नाही! ती निम्म्या वाटेवर आहे. म्हणून अ पासूनचं प्रत्येक अंतर निम्मं करा. वर्तुळही निम्मं होतं. त्याचा व्यास 50 मीटर, त्रिज्या 25. केंद्र अ पासून 25 मीटरवर, म्हणजेच होडीपासून 75 मीटरवर. आता ब वरून या छोट्या वर्तुळाला स्पर्शिका काढा. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या आणि स्पर्शिका काटकोनात, म्हणून काटकोन त्रिकोण मिळाला. कर्ण 75, कोनासमोरची बाजू 25. गुणोत्तर एकास तीन. ज्या कोनाची साइन एक तृतीयांश, तो कोन 19.47 अंश.

अ ऐवजी 200 मीटर मागचा बिंदू घेतला तर वर्तुळ दुप्पट होतं, पण स्पर्शिका तीच. मागच्या प्रत्येक क्षणाचं वर्तुळ याच दोन रेषांमध्ये बसतं. रेषांच्या बाहेर ऊर्जा नाही, आणि रेषेवर गर्दी आहे, कारण स्पर्शबिंदूच्या आसपासच्या कितीतरी दिशांच्या लाटा तिथे एकत्र येतात. म्हणून कड उठून दिसते. जरा निरखून बघा, ती कड म्हणजे एक सलग लाट नाहीच. पक्ष्याच्या पंखातल्या पिसांसारखे छोटे छोटे तिरके माथे एकामागे एक लागलेले असतात. प्रत्येक पीस होडीच्या वाटेशी जवळपास 55 अंश करून असतं. पाचरीची कड सांगताना लोक पिसांचाच कोन मोजतात, ही दुसरी नेहमीची चूक.

हा हिशोब विल्यम थॉमसन यांनी 1887 साली एडिंबरोत यांत्रिकी अभियंत्यांच्या सभेत मांडला. पुढे ते लॉर्ड केल्व्हिन झाले आणि पाचरीला त्यांचं नाव चिकटलं.

आता कोन वेग सांगत नाही, पण पाचरीच्या आतल्या आडव्या लाटा वेग सांगतात. डोक्यावरून घेतलेल्या चित्रात मधल्या रेषेवर एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत 40 मीटर दिसले, तर 40 चं वर्गमूळ काढा आणि सव्वाने गुणा. सेकंदाला 7.9 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटर. एका स्थिर चित्रावरून जहाजाचा वेग! मला तर यात कोनापेक्षा जास्त मजा वाटते.

मघाशी म्हटलं की खेळात दोनच गोष्टी आहेत. तिसरी कोणी घुसली की कोनाचा नियम मोडतो. पाण्याची खोली घ्या. लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा पाणी उथळ झालं की लाटेला तळ जाणवू लागतो आणि तिच्या वेगावर मर्यादा येते. 5 मीटर खोलीत ती मर्यादा सेकंदाला 7 मीटर. होडी त्या वेगाच्या जवळ आली की जथा माथ्यांच्या बरोबरीने चालू लागतो, निम्मेपणा जातो आणि पाचर फाकत फाकत जवळपास आडवी होते. मर्यादा ओलांडली की मात्र विमानाचा न्याय, जितका वेग तितकी निमुळती. खाडीत मोजलेला कोन चुकला तर आधी भरती-ओहोटी बघा. दुसऱ्या टोकाला अगदी संथ वस्तू. सेकंदाला 23 सेंटिमीटरपेक्षा हळू चाललं तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे टिकणारी लाटच उठत नाही.

आणि तिसरी गोष्ट, होडीची स्वतःची लांबी. 2013 मध्ये मार्क राबो आणि फ्रेडेरिक मोयझी या फ्रेंच संशोधकांनी वरून घेतलेल्या चित्रांत खूप जहाजं मोजली. वेगवान होड्यांची पाचर स्पष्टपणे अरुंद निघाली. केल्व्हिन खोटे ठरले का? 6 मीटरची स्पीडबोट घ्या, सेकंदाला 12 मीटर धावणारी. केल्व्हिनच्या कडेवर जी लाट हवी, तिची लांबी भरते 60 मीटरच्या वर. सहा मीटरचं बूड साठ मीटरची लाट कशी उठवणार? ते जोमाने उठवतं साधारण स्वतःच्या लांबीच्या लाटा. फळ्यावरच्या त्याच वर्तुळात 6 मीटरच्या लाटेची जागा शोधली, तर ती मधल्या रेषेपासून फक्त 7 अंशांवर येते. डोळ्याला दिसते ती ही ठळक रेघ. पण पाणी अगदी शांत असेल तर तिच्या बाहेर, साडेएकोणीस अंशांवर, फिक्या लाटांची मूळची सीमा असते. ती स्पीडबोट निघून गेल्यावर, उन्हं कललेली असताना, काठावरून दिसली तर दिसते.