डब्यात गंध किती आणि वायू किती?

अध्यक्ष महोदय, सभासद मित्रहो, बॉडी स्प्रे आणि परफ्यूम यांपैकी अधिक काळ काय टिकते हे सांगण्यासाठी आपण मला बोलावले आहे. परंतु उत्तराकडे जाण्यापूर्वी मी केलेला एक उद्योग सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझ्या धाकट्या चिरंजीवांचा १५० मिलिलिटरचा डिओ तीन आठवड्यांत संपे, आणि त्याची तक्रार अशी की कंपनीने डबा अर्धाच भरला असावा. मी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा काढला. (पीठ मळणाऱ्यांचा रोष त्या सकाळी ओढवून घेतला, तो अद्याप पुरता उतरलेला नाही.) डब्याचे वजन केले, घड्याळ लावून दहा सेकंद बटण दाबून धरले आणि पुन्हा वजन केले. आठ ग्रॅम कमी भरले, म्हणजे सेकंदाला पाऊण ग्रॅमहून थोडे अधिक. डब्यावर निव्वळ वजन ९० ग्रॅम छापले होते, म्हणजे सगळा डबा मिळून जेमतेम ११२ सेकंदांचा ऐवज! चिरंजीव रोज दोन्ही काखा, छाती आणि शर्ट मिळून सहा सेकंद फवारत. भागाकार केला तर डबा एकोणिसाव्या दिवशी संपायलाच हवा होता. कंपनी निर्दोष ठरली आणि चिरंजीव गप्प झाले.

मात्र काट्यापेक्षा माझ्या तळहाताने मला अधिक शिकवले. दहा सेकंद फवारल्यावर डबा हाताला चक्क गार लागला. डब्यात ब्यूटेन, आयसोब्यूटेन, प्रोपेन असे वायू दाबाखाली द्रवरूपात असतात. बटण दाबताच त्यांतला काही भाग उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो डब्याकडून, म्हणजे अखेर आपल्या हाताकडून घेतो. द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब जवळपास तितकाच राहत असल्याने फवारा शेवटपर्यंत जोरदार येतो. डबा संपत आला आहे हे फवाऱ्यावरून कळत नाही, ते हलवून किंवा तोलूनच कळते.

हे वायू म्हणजे आपल्या घरच्या सिलिंडरमधल्या वायूचेच सख्खे भाऊ. सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात मुद्दाम मर्केप्टनची दुर्गंधी मिसळतात. डिओच्या डब्यात तोच वायू, पण सुगंध लावून! एका घरात वायूने नाक उठवावे अशी व्यवस्था आणि दुसऱ्या डब्यात त्याने नाक झोपवावे अशी. हवेपेक्षा जड असल्याने तो बंद न्हाणीघरात खाली साचतो. तिथे गॅस गिझर पेटता असेल तर काय होईल हे आपण जाणताच.

सचिवांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटे उरली आहेत म्हणून. तेव्हा मूळ विषय घाईने सांगतो.

बॉडी स्प्रेमधला सुगंधी अर्क साधारणतः एक ते तीन टक्के, ओ द तॉयलेत या परफ्यूमच्या सौम्य प्रकारात पाच ते पंधरा आणि ओ द पार्फ्यूम या दाट प्रकारात पंधरा ते वीस टक्के असतो. म्हणून पहिला एक-दोन तास, दुसरा तीन ते पाच, तिसरा सहा-सात तास टिकतो असे ढोबळमानाने धरावे. घाम, कोरडी त्वचा आणि उन्हाळा त्यातून वजावट करतात. केवळ टक्केवारीचाच हा खेळ नाही. चिरंजीवांच्या रोजच्या पाच ग्रॅमांत दोन टक्के धरले तरी अर्क शंभर मिलिग्रॅम होतो. परफ्यूमचे चार फवारे मिळून त्याहून कमीच. परंतु डिओचा बारीक तुषार पुष्कळसा हवेतच उडून जातो, आणि त्यात लिंबूवर्गीय, लवकर उडणाऱ्या गंधांचा भरणा जास्त असतो. परफ्यूमचे मोठे थेंब त्वचेवर बसतात आणि चंदन, कस्तुरीसारखे जड गंध मागे रेंगाळतात. ‘नो गॅस’ म्हणून मिळणारे स्प्रेही पंपाने द्रव सोडतात, म्हणून ते अंग ओले करतात. त्यात अल्कोहोल मात्र असतेच, तेव्हा ज्वाळेपासून त्यांनाही दूरच ठेवावे.

वायूबाबत तीन गोष्टी. पूर्वी डब्यांत सीएफसी नावाचे क्लोरीन-फ्लोरीनयुक्त वायू असत, ते ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर मागे पडत गेले आणि हे ज्वलनशील वायू त्यांच्या जागी आले. पेट्रोलियमपासून आल्याने त्यांत क्वचित बेंझीनचा अंश राहतो. २०२१ मध्ये अमेरिकेत याच कारणावरून काही एरोसोल डिओ परत मागवले गेले. तिसरी गोष्ट म्हणजे अंतर: १५ सेंटिमीटरहून जवळून, एकाच जागी दाबून धरले तर त्वचा थंडीने भाजते, आणि मुद्दाम हुंगले तर हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो.

हा डबा आणि काटा मी मागच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी खिडकी उघडून दहा सेकंद दाबून पाहावे. काटा मात्र आज रात्रीच घरी परत न्यायचा आहे.