सात मिनिटं

(दृश्य: स्टीलच्या वाटीत पिवळट तुकडा, शेजारी मोजपट्टी)

हा तुकडा साडेतीन सेंटिमीटर लांब आहे. वरून चिवट, आतून लगद्यासारखा मऊ. एका जागी त्याची साल फाटली आहे आणि त्या फटीला काळपट गुठळी चिकटली आहे. तासाभरापूर्वी तो एका माणसाच्या मानेत होता, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या आत.

(दृश्य: सर खाटेवर बसलेले, उजवा हात मांडीवर)

सर निवृत्त शिक्षक आहेत, वय ६७. सहा दिवसांपूर्वी सकाळी त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. उचलायला गेले तर बोटं वळेनात. काय झालं, असं पत्नीनं विचारलं; उत्तर मनात होतं, पण शब्द फुटेना. सात मिनिटांनी हातही चालू लागला आणि बोलणंही. झोप झाली नसेल, हात अवघडला असेल, असं म्हणून घर पुन्हा कामाला लागलं. मुलगी मात्र ऐकेना. त्याच दुपारी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

(दृश्य: डॉपलर सोनोग्राफी, पडद्यावर लाल-निळे रंग)

जबड्याच्या कोनाखाली ही धमनी दुभंगते. एक फांदी चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे. या फाट्यावर धमनी थोडी फुगीर असते आणि तिच्या बाहेरच्या भिंतीलगत रक्त रेंगाळतं. चरबी साचून थर चढतो तो नेमका तिथे. पडद्यावर रंग जिथे एकदम उजळ होतो, तिथे वाट अरुंद झाली आहे आणि रक्त वेगानं उसळतं आहे. हा वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असायला हवा. २३० च्या पुढे गेला की धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झाली असावी, असं धरतात. सरांच्या डाव्या बाजूचा आकडा ३१० आहे. पुढे सीटी अँजिओग्राफीतही तेच दिसलं: ८० टक्के.

(दृश्य: एमआरआय, डाव्या अर्ध्या भागात तीन पांढरे ठिपके)

नळी बुजली, रक्त कमी पडलं आणि झटका आला, असं बहुतेकांना वाटतं. पण मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. एका बाजूनं रक्त कमी आलं तर पुष्कळदा बाकीच्या धमन्या ते भरून काढतात. खरा धोका त्या फाटलेल्या सालीचा आहे. तिच्यावर गुठळी धरते, तिचा कण सुटतो, प्रवाहाबरोबर वर जातो आणि एखाद्या बारीक फांदीत अडकतो. हे तीन ठिपके म्हणजे अशाच कणांच्या खुणा. सरांच्या वेळी अडकलेला कण विरघळला, म्हणून सात मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. डावा मेंदू उजवा हात चालवतो आणि बहुतेकांची भाषाही त्याच बाजूला असते, म्हणून हात आणि वाचा एकदम गेली. कण डोळ्याकडे गेला असता तर डाव्याच डोळ्यापुढे क्षणभर पडदा उतरला असता.

अशा थोड्या वेळात विरणाऱ्या झटक्याला टीआयए म्हणतात. तो विरला म्हणजे संकट टळलं, असं नाही. फाटलेली साल तिथेच असते.

त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या: गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, थर स्थिरावावा म्हणून स्टॅटिन, शिवाय रक्तदाबाची. मग नुसत्या गोळ्यांवर का नाही भागत? उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली आले. लक्षण येऊन गेलेल्या आणि ७० टक्क्यांहून जास्त अरुंद धमनीच्या रुग्णांपैकी, नुसत्या औषधांवर असलेल्या शंभरातल्या २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक आला. ऑपरेशन झालेल्यांत हा आकडा ९ होता, आणि त्यात ऑपरेशनमुळे आलेले स्ट्रोकही धरलेले होते. आजची औषधं तेव्हाच्या मानानं पुष्कळ चांगली आहेत, तरी अशा रुग्णाला सल्ला ऑपरेशनचाच मिळतो.

आणि तोही लगेच. अशा चाचण्यांची माहिती एकत्र तपासली तेव्हा दिसलं, की लक्षण आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर दर पाच ऑपरेशनांमागे पाच वर्षांत एक स्ट्रोक टळतो. बारा आठवडे उलटल्यावर तेवढ्यासाठी १२५ ऑपरेशनं लागतात. आधी सणवार होऊ दे, मग बघू, असं म्हणण्यात जवळजवळ सगळा फायदा निघून जातो.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर, सरांच्या उजव्या हातात रबरी बदक)

सर जागे आहेत. भूल फक्त मानेला आहे. हातातलं बदक त्यांनी सांगितल्याबरोबर दाबायचं, एवढंच त्यांचं काम.

मानेच्या तिरक्या स्नायूच्या कडेनं छेद. जीभ हलवणारी नस अलगद बाजूला. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन. मग धमनी बंद करणारे चिमटे, म्हणजे क्लॅम्प.

(आवाज: बदकाची चूंक. पुन्हा चूंक. मग शांतता.)

हात थांबला. मेंदूतल्या कड्यातून पुरेसं रक्त येत नाहीये. शल्यचिकित्सक धमनी उघडतात आणि खालून वर एक बारीक नळी सरकवतात. हा शंट. रक्त आता या नळीतून वर जातं.

(आवाज: चूंक.)

आता घाई नाही. थर भिंतीपासून सोलला जातो. वरच्या टोकाला तो निमुळता होत सुटायला हवा. तिथे कड उचललेली राहिली तर रक्त तिच्याखाली शिरून तीच नळी बुजवतं. म्हणून ते टोक दोनदा धुऊन पाहतात. मग धमनीवर ठिगळ शिवतात, म्हणजे शिवणीनं ती पुन्हा अरुंद होत नाही. शंट काढून शेवटचे टाके पडले की आधी चेहऱ्याची फांदी सोडतात आणि थोड्या वेळानं मेंदूची. आत एखादा कण राहिलाच असेल, तर तो गालाकडे जावा.

१९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये फेलिक्स ईस्टकॉट यांनी याच फाट्यावर ऑपरेशन केलं, तेव्हा शंट नव्हता. मेंदूला कमी रक्तात तग धरता यावा म्हणून त्यांनी रुग्णाचं अंग बर्फानं गार केलं, धमनीचा रोगट भाग कापून काढला आणि टोकं जोडली. त्या बाईंना तोवर असे ३३ झटके येऊन गेले होते.

(दृश्य: एक्स-रे पडद्यावर स्टेंट उलगडताना)

हे दृश्य दुसऱ्या रुग्णाचं आहे. या ५८ वर्षांच्या बाईंच्या मानेवर पूर्वी कॅन्सरसाठी रेडिएशन झालं होतं. तिथली त्वचा आणि उती घट्ट झाल्या आहेत, छेद नीट भरणार नाही. म्हणून जांघेतून तार वर गेली. आधी वर छत्रीसारखी गाळणी उघडली, मग धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट. सरांसाठी हा मार्ग निवडला नाही, कारण सत्तरीच्या आसपास आणि पुढे महाधमनीची कमान वाकडी, खडबडीत झालेली असते आणि तार फिरवतानाच कण सुटतात. त्या वयात स्टेंटमध्ये स्ट्रोक जास्त दिसतो. उलट ऑपरेशनमध्ये हृदयविकाराचा झटका थोडा जास्त. हृदय फार दुबळं असेल, मानेचं ऑपरेशन आधीच झालेलं असेल, तर स्टेंट बरा.

धमनी ५० टक्क्यांहून कमी अरुंद असेल, किंवा पूर्ण बंद झाली असेल, तर गोळ्याच. ज्यांना कधी लक्षणच आलं नाही, त्यांचा निर्णय वेगळा आणि बराच सावकाश घ्यायचा.

ऑपरेशनमध्येही स्ट्रोक येऊ शकतो. लक्षण आलेल्या रुग्णांत स्ट्रोक आणि मृत्यू मिळून हे प्रमाण शंभरात सहाच्या आत ठेवणाऱ्या टीमकडेच ते व्हावं.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ, वॉर्ड)

मानेला सूज नाही. रक्तदाब दर तासाला मोजतात, कारण बऱ्याच दिवसांनी भरपूर रक्त मिळालेल्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डाव्या बाजूचं डोकं ठणकू लागलं तर लगेच सांगा, असं पत्नीला बजावलं आहे. घरी गेल्यावरही, काही दिवस.

डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतात. सर काढतात. सरळ आहे.

(दृश्य: सर उजव्या हातानं कप उचलतात. निवेदन नाही.)