विनातारण कर्ज: हप्ता झेपेल का?

मार्च उजाडला की कांडप गिरणीसमोर वाळलेल्या मिरचीच्या पिशव्यांची रांग लागते. एकच यंत्र असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडे वळतं. म्हणून दुसरं यंत्र घ्यायचं ठरतं, आणि त्यासाठी मुद्रा योजनेतून मुदत कर्ज.

उदाहरणाने पाहू. यंत्राचं कोटेशन 4 लाखांचं. 80 हजार मालकाचे स्वतःचे, 3 लाख 20 हजार बँकेचे. दहा लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला घर किंवा जमीन तारण लागत नाही. मात्र नवं यंत्र बँकेकडे नजरगहाण राहतं, म्हणजे ते गिरणीतच चालतं, पण कर्ज थकलं तर बँकेचा त्यावर हक्क असतो.

कागदपत्रं मोजकीच आहेत. आधार, पॅन, उद्यम नोंदणी, गुमास्ता, जागेचा भाडेकरार किंवा वीजबिल, बारा महिन्यांचं खातेविवरण आणि भरली असतील तर आयकर विवरणपत्रं. कोटेशन अर्जदाराच्याच नावाचं हवं. त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आणि बँक खातंही हवं, कारण रक्कम थेट त्याच्याकडे जाते.

खरी परीक्षा खातेविवरणात होते. तिथे नेहमीची एक चूक सापडते: गिरणीतला क्यूआर कोड मुलाच्या खात्याचा, आणि रोख गल्ल्यातूनच घरखर्चाला गेलेली. धंदा जोरात असतो, पण कागदावर तो अर्धाच दिसतो. अर्जाच्या निदान सहा महिने आधीपासून सगळी विक्री मालकाच्या खात्यातून जायला हवी.

आता परतफेडीचं गणित. वीज, भाडं, मजुरी वजा जाता वर्षाला 3 लाख 60 हजार उरतात असं धरू. नव्या यंत्राची वाढीव कमाई यात आलीच. घरखर्च महिना 18 हजार, म्हणजे वर्षाचे 2 लाख 16 हजार. हप्त्यांसाठी हाती राहिले 1 लाख 44 हजार.

11 टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचं, तर हप्ता साधारण 6,960 रुपये, वर्षाचे साडेत्र्याऐंशी हजार. त्यात दुचाकीचा महिना 3 हजारांचा जुना हप्ता मिळवला की वर्षाची देणी 1 लाख 19 हजार 500 होतात. शिल्लक भागिले देणी, उत्तर 1.2. यालाच बँकेत डीएससीआर म्हणतात. साधारण सव्वा ते दीड हवा असतो. इथे अर्ज अडतो, आणि अडवतो तो दुचाकीचा हप्ता.

दुचाकीचं कर्ज आधी फेडलं, तर हेच उत्तर 1.7 वर जातं. बँकेने मुदत सात वर्षं केली तर नवा हप्ता सुमारे 5,480 वर येतो आणि उत्तर 1.4 होतं, व्याज मात्र एकूण जास्त जातं. आमच्या मते दुचाकी आधी मोकळी करावी.

वर्षाचा हिशेब जुळला तरी पावसाळा उरतोच. मिरचीचा हंगाम मार्च ते मे. यंत्र जूनमध्ये बसलं आणि जुलैत हप्ता सुरू झाला, तर खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो आणि सिबिलवर त्याची नोंद होते. म्हणून मंजुरीपत्रावर सही करण्याआधी पहिल्या हप्त्याची तारीख वाचावी, आणि गरज असेल तर काही महिन्यांची सवलत त्याच वेळी लेखी मागावी.