तुरटीच्या पाण्यातलं फ्लोराइड

मे महिन्यातली दुपार, नागपूरची प्रयोगशाळा. टेबलावर प्लास्टिकच्या दोन बाटल्या. दोन्हींत एकाच हातपंपाचं पाणी. एक तसंच भरलेलं, दुसरं तुरटी आणि चुना घालून गाळलेलं. नागपूरच्याच नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली, पाण्यातलं फ्लोराइड कमी करायची ही नालगोंडा पद्धत.

बाटल्यांशेजारी आहे तो फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड. त्याच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक आहे. पण त्याला फक्त सुटं फ्लोराइड कळतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात उरलं असेल, तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं. फ्लोराइड पाण्यात असतं, पण इलेक्ट्रोडपर्यंत पोचत नाही. शुद्ध केलेलं पाणी मग आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं.

म्हणून हे द्रावण, टिसॅब. पन्नास मिलिलीटर नमुना, तेवढंच टिसॅब. त्यातलं मीठ सगळ्या बीकरांतली आयनांची ताकद सारखी करतं. ॲसिटेट सामू पाच ते साडेपाचच्या आसपास ठेवतं, आणि सीडीटीए ॲल्युमिनियमला बांधून फ्लोराइड मोकळं करतं. त्याला वेळ लागतो, घाई करायची नाही. ॲल्युमिनियम फारच असेल, तर टिसॅबही पुरत नाही. आधी ऊर्ध्वपातन करावं लागतं.

आता प्रमाण द्रावणं, म्हणजे ज्यांतलं फ्लोराइड आधीच माहीत आहे अशी, लिटरला 1 आणि 10 मिलिग्राम. फ्लोराइड जास्त, तर मिलिव्होल्ट कमी. त्यांतही टिसॅब तेवढंच. पहिल्यात 104 मिलिव्होल्ट, दुसऱ्यात 55. फरक, म्हणजे इलेक्ट्रोडचा उतार, 49.

मोजणाऱ्या ताई थांबतात. दसपट फरकाला 25 अंशांवर 54 ते 60 मिलिव्होल्ट यायला हवेत. 49 उताराच्या जोरावर नमुना मोजायचा नाही, हे इथं ठरलेलं आहे आणि तेच बरोबर आहे. 10 चं द्रावण आत्ताच फ्रीजमधून निघालंय, बीकर हाताला गार लागतो. स्फटिकावर पातळ थरही आहे. तो पुसला, धुतला, द्रावणं खोलीच्या तापमानाला आणली. मॅग्नेटिक स्टररची उष्णता चढू नये म्हणून बीकरखाली थर्माकोलचा तुकडा. स्फटिकाखाली बुडबुडा अडकलेला नाही ना, तेही पाहिलं.

पुन्हा 1: आकडा सावकाश स्थिरावतो, 110. पुन्हा 10: 52. उतार 58. आता मोजता येईल.

हातपंपाचं पाणी: 92.5. 1 च्या द्रावणापेक्षा साडेसतरा मिलिव्होल्ट कमी, म्हणजे लिटरला 2.0 मिलिग्राम. तुरटीनंतरचं पाणी: 101.5, म्हणजे 1.4. भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा 1, दुसरा स्रोत नसेल तर 1.5.

जास्त फ्लोराइडनं दात डागाळतात, पुढे हाडं आखडतात.

ताई 1 चं द्रावण पुन्हा बुडवतात. 110.5. वहीत दोन्ही आकड्यांशेजारी उतार लिहितात, तापमान लिहितात, आणि तिसरी बाटली उघडतात.