घडीवर तुटलेला शालू: ही कसर नव्हे!

नमस्कार! हा पदर बघा. थांबा, कॅमेरा जरा जवळ घेते.

गिरगावातल्या एका काकूंनी सासूबाईंचा बनारसी शालू आणलाय. किंमत करायला न्यायचाय, त्याआधी म्हणाल्या, "एवढी कसर लागलीय, कोण घेणार हो?" मी म्हटलं, आधी भोक तर नीट बघू.

ही चीर सरळ आहे आणि बरोबर घडीवर आहे. भिंगातून बघितलं की दिसतं, उभे रेशमी धागे तुटलेत, पण आडवी जर जागच्या जागी आहे. कसर अशी पट्टी लावून खात नाही. हे रेशीम आपणहून तुटलंय.

कसं? जुनी खरी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. रेशीम उजेडाने, घामाने आणि नुसत्या हवेनेही वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातं. त्यात मुंबईचा पावसाळा. रेशीम दमट हवा पिऊन फुगतं आणि हवा कोरडी झाली की आकसतं, तार मात्र तशीच राहते. घडीवर हे धागे आधीच वाकलेले, त्यावर धातूची कड दाबलेली. दरवर्षी घडी तिथेच पडली की धागे तिथेच तुटणार.

जुन्या विलायती रेशमात आणखी एक भानगड असते. रेशमाचा डिंक काढला की त्याचं वजन साधारण चौथाईने घटतं. ते भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला कथलाचे क्षार चढवायचे. असं कापड न नेसताही चिरफळ्या होऊन पडतं, आणि त्यावर उपाय नाही.

आता खरी कसर. पतंग खात नाही, खाते त्याची अळी. तिचं आवडतं खाणं लोकर, केस, पिसं. स्वच्छ रेशमाकडे ती फारशी वळत नाही, पण जेवणाचा डाग किंवा घाम असला की रेशीमही कुरतडते. म्हणून भोकं वेडीवाकडी असतात, बरेचदा डागाभोवती. कुठे कुठे नुसता वरचा थर खरवडलेला दिसतो. शेजारी बारीक जाळी आणि वाळूसारखे कण सापडतात. मुंबईत भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखे चपटे करडे कोश चिकटलेले असतात ना? त्यातली अळी कसरीच्याच गणगोतातली. कपाटामागे ते दिसले तर आतले कपडे बाहेर काढून बघाच.

जिवंत अळी सापडली तर ते कापड लगेच वेगळ्या पिशवीत बंद करा. धडधाकट लोकरी शाल असेल तर हवा काढून, पिशवी घट्ट बंद करून घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर आपल्या दमट हवेचं पाणी थेट कापडावर जमतं. हा शालू मात्र मी फ्रीझरमध्ये घालणार नाही. इतकं ठिसूळ कापड वस्त्रसंवर्धकाच्याच हाती द्यावं.

काकूंना काय करायला सांगितलं? आधी डांबरगोळ्या बाहेर. प्लास्टिकची पिशवीही बाहेर, तिच्यात दमटपणा कोंडतो. खळ नसलेलं, धुऊन वाळवलेलं जुनं सुती कापड घ्यायचं. जाड, रुंद पुठ्ठ्याच्या नळीला आधी आम्लरहित कागद, मग त्यावर शालू सैल गुंडाळायचा, मध्ये मध्ये तोच कागद, आणि वरून सुती कापड. नळी नसेल तर घडीच्या पोटात कागदाची गुंडाळी ठेवा, म्हणजे कड बसत नाही. हे बंडल बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवायचं. आणि ऊन दाखवायची आपली जुनी सवय इथे नको. सावलीत पंख्याची हवा पुरे.

किंमत होईपर्यंत ड्रायक्लीन नको, इस्त्री नको, रफू नको. जर काळवंडली असेल तर असू द्या. ते चांदीचं गंधकाशी जुळलेलं रूप आहे. पॉलिश घासलंत तर मुलामाही निघेल आणि रेशीमही. उलटी-सुलटी बाजू, पदर, काठ आणि चिरा, सगळ्यांचे फोटो काढा. सासूबाईंचा हाच शालू नेसलेला लग्नातला फोटो मिळाला तर तोही सोबत न्या, वय ठरवायला उपयोगी पडतो. गळून पडलेले जरीचे तुकडे कागदी पाकिटात ठेवा.

आणि दारावर "जुनी जर घेतो" म्हणून येणाऱ्याचा भाव म्हणजे या शालूची किंमत नव्हे. तो साडी जाळून निघणाऱ्या चांदीचा भाव देतो. विणकामाचा त्यात एक पैसाही धरलेला नसतो.