भिंतीआडचे सांधे: डायव्हर्टरची खोली आणि दाबाची चाचणी

(दृश्य: गिलावा काढलेली विटांची भिंत, झिऱ्यांमध्ये बसवलेले पाइप.)

ही भिंत पुण्यातील एका जुन्या चारमजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेच्या बाथरूममधील आहे. जुन्या टाइल्स आणि त्यामागचा गिलावा काढल्याने विटा उघड्या पडल्या आहेत आणि त्यांत मारलेल्या झिऱ्यांमध्ये सीपीव्हीसीचे फिकट पिवळसर पाइप बसवले आहेत. मधोमध, जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर, प्लॅस्टिकच्या टोपीखाली पितळेची एक बॉडी दिसते. हाच डायव्हर्टर: गरम आणि थंड पाणी येथे एकत्र येते, आणि ते वर शॉवरला सोडायचे की खाली स्पाउटला, हे येथूनच ठरते. दोन दिवसांनी गवंडी गिलाव्याला सुरुवात करणार आहे, आणि त्यानंतर यातील बराचसा भाग टाइल फोडल्याशिवाय पुन्हा डोळ्यांना दिसणार नाही.

पाइप भिंतीत घ्यावेत की भिंतीबाहेर ठेवावेत, या प्रश्नाची चर्चा बहुधा दिसण्यावरूनच होते. खरा प्रश्न वेगळा आहे. सलग पाइप क्वचितच गळतो. गळतो तो सांधा, आणि त्यातही जेथे प्लॅस्टिकच्या पाइपला पितळेची आटे असलेली फिटिंग जोडलेली असते तो सांधा. म्हणून पाइप उघडा की बंद यापेक्षा, किती सांधे भिंतीत गाडले जाणार आहेत आणि झिजणारा कोणता भाग नंतर हाताला लागणार आहे, हे मोजणे अधिक उपयोगाचे असते.

या दृष्टीने जुना वॉल मिक्सर पाहण्यासारखा आहे. दीडशे मिलिमीटर अंतरावरच्या दोन एल्बोंवर तो बाहेरून बसतो. त्याचे वायसर, स्पिंडल, शॉवरकडे पाणी वळवणारी खुंटी, सारे भिंतीबाहेर राहते, आणि मिक्सर पूर्ण निकामी झाला तरी तो पान्याने काढून दुसरा लावता येतो. डायव्हर्टरची बॉडी मात्र भिंतीत कायमची राहते. त्यातील झिजणारा भाग म्हणजे कार्ट्रिज. तो समोरून बदलता येतो, पण त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा मिळाला तरच. इमारतीत बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी येत असेल, किंवा घर भाड्याने द्यायचे असेल, तर वॉल मिक्सर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. येथे पाणी महापालिकेचे आहे, घरमालक स्वतः राहणार आहेत आणि बाथरूम इतके अरुंद आहे की बाहेर आलेला मिक्सर आंघोळ करताना कोपराला लागत असे. म्हणून डायव्हर्टर ठरला. बिल आणि मॉडेल क्रमांक लिहिलेले वेष्टन मालकांनी कपाटात ठेवले आहे.

(दृश्य: कॅमेरा छताकडे जातो.)

पाइपांच्या मार्गाबाबत येथे एक मधला उपाय निवडला आहे. पहिल्या आराखड्यात गरम आणि थंड अशा दोन्ही लाइनी कमरेच्या उंचीवर, भिंतीतून आडव्या फिरवल्या होत्या, आणि प्रत्येक वळणावर व प्रत्येक नळाजवळ एक सांधा गाडला जाणार होता. चार इंची विटांच्या भिंतीला लांब आडवी झिरी तशीही मानवत नाही. आता दोन्ही मुख्य लाइनी छताखाली, फॉल्स सीलिंगच्या वर, क्लॅम्पवर उघड्या ठेवल्या आहेत आणि प्रत्येक नळासाठी एक पाइप तेथून सरळ खाली उतरवला आहे. टी आणि बहुतेक एल्बो त्यामुळे वरच राहिले, सीलिंगचे झाकण उघडले की हाताशी येतात. भिंतीत उरले ते सरळ उभे पाइप, त्यांच्या टोकांचे सांधे आणि डायव्हर्टरच्या चार वाटा. शिवाय पुढे कोणी आरशासाठी किंवा टॉवेलच्या दांडीसाठी भिंतीला भोक पाडणार असेल, तर नळाच्या सरळ वर पाइप असणार हे त्याला न सांगताही कळते.

आता डायव्हर्टरच्या खोलीकडे वळू, कारण भिंत बंद झाल्यावर सर्वांत जास्त पश्चात्ताप याच गोष्टीचा होतो. बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर दोन रेषा आहेत. तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन रेषांच्या मध्ये कोठेतरी आला पाहिजे. येथे दोन रेषांत २५ मिलिमीटरचे अंतर आहे. दुसऱ्या मॉडेलमध्ये ते कमीअधिक असते, म्हणून आपल्या हातातल्या बॉडीवर टेप लावूनच ते मोजावे. प्लंबरने हिशेब असा केला: गिलावा १५ मिलिमीटर, टाइलचा चिकट मसाला ५, टाइल १०, म्हणजे विटेपासून टाइलचा दर्शनी पृष्ठभाग ३० मिलिमीटर बाहेर. त्याने बॉडी अशी बसवली की हा पृष्ठभाग दोन रेषांच्या बरोबर मध्यावर यावा, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे १२ मिलिमीटरची मोकळीक राहावी. हिशेब चोख होता. मात्र तो करताना गवंड्याला विचारलेले नव्हते.

गवंड्याने वरच्या कोपऱ्यातून ओळंबा सोडला, तेव्हा डायव्हर्टरच्या उंचीवर भिंत पाच सूत, म्हणजे जवळपास १५ मिलिमीटर आत असल्याचे दिसले. जुन्या भिंतींत हे नेहमीचेच आहे. ओळंब्यात आणण्यासाठी येथे गिलावा १५ ऐवजी ३० मिलिमीटर घ्यावा लागणार होता, आणि टाइल ३० नव्हे तर ४५ मिलिमीटरवर येणार होती. मोकळीक १२ मिलिमीटरची आणि फरक १५ चा. टाइल बाहेरच्या रेषेच्या ३ मिलिमीटर पुढे गेली असती. तसे झाले असते तर बॉडी टाइलमागे खोल राहिली असती, हँडल नीट बसले नसते, आणि त्या मॉडेलला वाढीव जोड मिळत नसेल तर टाइल फोडण्यावाचून मार्ग उरला नसता. उलट बाजूची चूकही तितकीच त्रासदायक असते: बॉडी फार बाहेर राहिली की दर्शनी प्लेट टाइलला टेकत नाही आणि शॉवरचे पाणी त्या फटीतून रोज भिंतीत उतरते.

(दृश्य: भिंतीवर मसाल्याचे चार ठिय्ये, त्यांवर आडवी धरलेली पट्टी.)

म्हणून आधी गवंड्याने ओळंब्यात चार ठिय्ये मारले. ठिय्या म्हणजे गिलाव्याची जाडी दाखवणारा मसाल्याचा लहान चौकोन. दोन ठिय्यांवर सरळ पट्टी धरली, तिच्यापुढे मसाला आणि टाइल यांचे १५ मिलिमीटर मोजले आणि त्या रेषेवरून बॉडी पुन्हा बसवली. पाणसळ वर आणि बाजूला अशी दोनदा लावली, कारण बॉडी किंचित तिरकी असली तरी चौकोनी प्लेट टाइलच्या सांध्याशी तिरकी दिसते. गरम पाणी डावीकडे आणि थंड उजवीकडे आहे, शॉवरची वाट वर आहे, हेही बॉडीवरच्या खुणांवरून त्याच वेळी पाहून घेतले.

यानंतर दाबाची चाचणी. गच्चीवरच्या टाकीतील पाणी या डायव्हर्टरपासून सुमारे १० मीटर उंच आहे, आणि १० मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भरतो. एवढ्या दाबावर बारीक गळती महिनोन्महिने दिसत नाही. मालकांनी पुढे प्रेशर पंप बसवला की तीच गळती खालच्या घराच्या छतावर ओल होऊन दिसते. म्हणून चाचणी ६ किलोवर घेण्याचे ठरले.

नळांच्या सर्व तोंडांना डमी लावले. गिझर जोडलेला नव्हता. त्याच्या दोन तोंडांना एका लवचिक नळीने एकमेकांशी जोडले, कारण तसे केले नाही तर थंड लाइनीत भरलेला दाब गरम लाइनीत पोहोचेलच असे नाही आणि काटा स्थिर दिसूनही अर्धी लाइन तपासायची राहून जाते. अशीच दुसरी फसगत डायव्हर्टर ते शॉवर या पाइपाची होते. कार्ट्रिज बंद असेल तर दाब त्याच्यापुढे जात नाही, आणि वरचा तो पाइप कधीच तपासला जात नाही. येथे कार्ट्रिज काढून बॉडीसोबत आलेले चाचणीचे झाकण बसवले; ते चारही वाटा एकमेकींना जोडते. हातपंपाने लाइन भरताना शॉवरचे तोंड उघडे ठेवले, फुरफुर थांबून पाण्याची सलग धार लागेपर्यंत हवा जाऊ दिली, आणि मगच ते बंद केले.

(दृश्य: दाबमापकाचा काटा, जवळून.)

काटा ६ वर नेला. वीस मिनिटांत तो ५.६ वर आला. एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते, कारण प्लॅस्टिकचा पाइप दाबाखाली किंचित फुगतो आणि पहिली उतार त्यामुळे येते. दाब पुन्हा ६ वर नेला. अर्ध्या तासात काटा ५.४ वर. आता मात्र तो कोठून उतरतो आहे हे शोधणे भाग होते. आधी पंपाचाच सांधा पाहिला, तो कोरडा होता. मग कोरडा टिश्यू पेपर एकेका सांध्याभोवती दाबून धरला. डायव्हर्टरच्या थंड वाटेखाली धरलेल्या कागदावर मसुराच्या दाण्याएवढा ओला ठिपका उमटला.

तो आट्यांचा सांधा होता. टेफ्लॉन टेप आट्यांच्या उलट दिशेने गुंडाळल्यामुळे फिटिंग आवळताना ती गोळा होऊन सरकली होती. अशा वेळी पान्याने आणखी आवळण्याचा मोह होतो, आणि त्याने प्लॅस्टिकच्या भागाला तडा जाण्याची भीती असते. फिटिंग उलगडताही येत नव्हती, कारण तिचे दुसरे टोक पाइपला सिमेंटने कायमचे जोडलेले होते. पाइप कापला, पितळी आट्यांची नवी फिटिंग घेतली, टेप आट्यांच्या दिशेने घट्ट गुंडाळली आणि नवा सिमेंटचा सांधा २४ तास तसाच ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी काटा पुन्हा ६ वर नेला. सकाळी तो ५.९ वर होता. रात्री पाणी थंड झाल्याने एवढा फरक पडतो, आणि कागद सगळीकडे कोरडा निघाला.

झिऱ्या भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा, टेप धरून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनची अंतरे वाचता येतील असा फोटो काढला. गरम पाइपाभोवती इन्सुलेशनची नळी चढवली, म्हणजे तापल्यावर त्याला थोडे हलता येते आणि गिलाव्याला बारीक भेग जात नाही. मग मसाल्याने झिऱ्या भरल्या, त्यांवर जाळी ठोकली आणि गिलावा सुरू झाला.

दाबमापक मात्र काढला नाही. दाब ३ किलोवर उतरवून तो लाइनीवरच ठेवला, कारण जाळीचा खिळा किंवा छिन्नीचा एखादा घाव पाइपला लागलाच, तर काटा त्याच क्षणी पडतो आणि मसाला ओला असतानाच चूक दुरुस्त करता येते. शेवटची टाइल बसून सांधे भरेपर्यंत गवंडी रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी तो काटा पाहत होता आणि दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने आकडा लिहीत होता.